चार मुद्द्यांचा प्रश्न

दाराशी तिघांचे फोन काढून घेतले गेले आणि कपाटात कुलूपबंद झाले. खिडकीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर क्रमांक घातलेले कोरे कागद ठेवले होते. त्यातला एकही कागद, चुरगळलेला का असेना, खोलीबाहेर जायचा नव्हता. मधोमध लाखेची मोहोर लावलेला लिफाफा होता. त्यात दहावीच्या इतिहासाची प्रश्नपत्रिका आणि तिची नमुना उत्तरं. ती काढणारा प्राश्निक कोण, हे या तिघांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारायचंही नव्हतं. यांचं काम नियामकाचं. प्रत्येक प्रश्न तपासायचा, खटकलं तर दुरुस्त करायचं आणि पाच वाजता येणाऱ्या गाडीत नवा लिफाफा द्यायचा.

समितीचे अध्यक्ष एका शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना हेडसर म्हणत. दुसरे धाकटे सर, समितीवर पहिल्यांदाच आलेले. तिसऱ्या बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण मंडळ त्यांना अजून बोलावत होतं.

"नमुना उत्तरं उलटी ठेवा," बाई म्हणाल्या. "आधी आपण पेपर सोडवायचा. मुलांसारखा."

"पूर्ण तीन तास?" धाकटे सर म्हणाले. "बाई, माझा हात आता फक्त लाल पेनला सरावलाय."

"म्हणूनच. लाल पेनला सगळे प्रश्न सोपे वाटतात."

बाईंची ही जुनी पद्धत होती. हेडसर कुरकुरले, पण लिहायला बसले. धाकटे सर जीभ बाहेर काढून नकाशा भरत होते. बाईंनी पाहिलं आणि हसू दाबलं. वर्गात अशी जीभ काढणारी चार तरी मुलं असायची. वर्ग सुटून बारा वर्षं झाली तरी शाळेच्या घंटेच्या वेळी त्यांचे पाय आपोआप चपला शोधत.

सहाव्या प्रश्नाशी त्यांचं पेन थांबलं.

'कारणे लिहा. नाझी राजवटीत ज्यूंचा छळ झाला. (४ गुण)'

त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली. मग नियम मोडून नमुना उत्तराचा कागद सुलटा केला.

चार मुद्दे होते. ज्यू श्रीमंत होते आणि व्यापार त्यांच्या हाती होता. पहिल्या महायुद्धातल्या पराभवाला ते जबाबदार होते. ते इतर समाजात मिसळत नसत. हिटलरला त्यांचा द्वेष वाटत असे.

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ शब्दांच्या आधी हलत होते.

"हा प्रश्न असा जाता कामा नये," त्या म्हणाल्या.

हेडसरांनी चष्मा वर केला. "काय झालं?"

"वाचा ना. पहिले तीन मुद्दे म्हणजे नाझींचा प्रचार. तोच मुलानं लिहायचा आणि आपण बरोबरची खूण करायची. शंभर माणसांत एकही ज्यू भरत नव्हता तिथे. लाखभर ज्यू जर्मनीच्या बाजूनं त्याच युद्धात लढले, बारा हजारांच्या आसपास मेले. आणि आपण मुलांकडून लिहून घेणार, की हरवलं यांनीच."

"खरंय," धाकटे सर म्हणाले. "छळ करणाऱ्याचं कारण विचारायचं, तर आपण छळ सोसणाऱ्याचे दोष मोजतोय."

हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता. "मग उडवून टाकू. त्या जागी उद्योगांवरचा प्रश्न घालू. आधीच वातावरण कसं आहे तुम्ही बघताय. कुणाला काही लागायला नको. झाकली मूठ."

"उडवला तर काय शिकतील? की हे विचारण्यासारखं नाही?"

"मग चित्र देऊ," धाकटे सर उत्साहानं म्हणाले. "त्या काळातली प्रचाराची चित्रं आहेत ना, वाकड्या नाकांची. मुलांना म्हणायचं, यातला खोटेपणा ओळखा. चित्र असलं की पोरं जागी होतात."

"वर्गात मीही दाखवलीत. पण वर्गात चित्राशेजारी मी उभी असते. कोण हसतंय, कोण खाली बघतंय, ते मला दिसतं. परीक्षेत ते पोर त्या चित्रासमोर एकटं असणार. आणि शेजारच्या बाकावरचा पेपर सुटल्यावर त्याला त्या नाकावरून चिडवणार."

धाकटे सर पुन्हा प्रश्न वाचू लागले.

"बरं, मग कल्पनात्मक लेखन," हेडसर म्हणाले. "तुम्ही छळछावणीत आहात, आईला पत्र लिहा."

"चार गुणांसाठी? ज्यांच्यावर ते आलं त्यांचं दुःख मुलांनी आठ मिनिटांत रचायचं, आणि आपण त्याला साडेतीन द्यायचे?"

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवणारे ते नव्हते. मऊ बोलून नाही म्हणणारे होते. "बाई, तुमचं सगळं पटतं मला. पण नियमही बघा. प्रश्न पूर्ण बदलायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. हाच प्रश्न, हेच मुद्दे, पूर्वी दोनदा येऊन गेलेत. मी स्वतः तपासलेत. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. वर मी काय लिहू? नियामकांना वाटलं म्हणून?"

पडदा जरा हलला. बाई त्याकडे बघत राहिल्या.

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. सांगितलेलं सगळं शोषून घ्यायची म्हणून बाईंनीच तिचं नाव टिपकागद ठेवलं होतं. तिच्या समाजाची गावात जेमतेम दहा घरं. बाजारात त्यांची दोन दुकानं. लोक म्हणत, पैसेवाले आहेत, आपल्यात मिसळत नाहीत. बाईंनीही ते ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. सराव परीक्षेत हाच प्रश्न होता. सगळ्या वर्गानं चार मुद्दे घडाघडा लिहिले. तिनं चार ओळींची जागा सोडली आणि खाली एकच वाक्य लिहिलं, 'कारण त्यांच्यात नव्हतं, करणाऱ्यांच्यात होतं.'

पेपर मिळाल्यावर ती टेबलाशी आली होती. हळू आवाजात म्हणाली होती, "बाई, हे चूक आहे का?" बाईंपुढे गठ्ठा होता, घंटा झाली होती. त्या म्हणाल्या होत्या, "चूक नाही गं. पण मुद्दे कुठायत?"

पुढच्या वर्षी त्या दुकानांवर दगड पडले. दहाही घरं एकेक करून गावातून उठली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती आली नाही, तिचे काका आले.

आता ती चाळिशीला आली असेल. बाई अजूनही रस्त्यात मान जरा कलती ठेवून चालणारी कुणी दिसली की पावलं भराभर उचलत. पुढे जाऊन बघत. ती कधीच ती नसायची.

"तक्रार आली होती," बाई म्हणाल्या.

"कुठे? फाइलीत नाही."

"माझ्याकडे आली होती. एका मुलीनं केली. मी तिला शून्य दिलं."

त्यांनी सांगितलं. थोडक्यातच. वाक्य सांगताना मात्र त्या थांबून थांबून बोलल्या, फळ्यावर लिहिल्यासारख्या.

"आणि हे मुद्दे," त्यांनी नमुना उत्तरावर बोट ठेवलं, "माझे आहेत. मी लिहून द्यायचे ते. अठरा वर्षं दिले, शब्दन् शब्द. 'जबाबदार होते' हेसुद्धा. मी ते तरुणपणी कुठल्यातरी मार्गदर्शकातून उतरवले होते. 'त्यांना जबाबदार धरलं गेलं' असं म्हणायला हवं होतं. हा पेपर काढणारा बहुतेक माझ्याच हाताखाली शिकलेला असणार. बिचाऱ्यानं पाठ केलेलं इमानानं परत दिलंय. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हेडसरांनी बदलाच्या कारणांचा छापील तक्ता पुढ्यात ओढला.

"काय लिहू?"

"नमुना उत्तर तथ्यांना धरून नाही. प्रचारालाच कारण म्हणून गुण देतं. आणि लिहा, एका नियामकाची जुनी चूक. खाली माझी सही घ्या."

"एवढं लिहायची गरज नाही, बाई."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यानंतरचे अडीच तास त्या एका प्रश्नात गेले, मधे बाकीचा पेपर हातावेगळा करत. अर्ध्या पानाच्या वर जायचं नव्हतं. धाकटे सर ओळी मोजत होते. सुरुवातीला तीन नोंदी आल्या. १९३३, बहुतेक ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा. १९३५, ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारा कायदा. नोव्हेंबर १९३८, उरलेल्या ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढण्याचा आदेश. त्याखाली विचारलं, शासनानं कोणते हक्क कसे टप्प्याटप्प्यानं काढून घेतले? दोन गुण. मग पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेल्या ज्यू सैनिकांचा आकडा, आणि प्रश्न, या माहितीवरून शासनाचा कोणता खोटा प्रचार उघडा पडतो?

"'खोटा' शब्द प्रश्नातच हवा?" हेडसरांनी विचारलं. "उत्तर फुटत नाही?"

"फुटू दे. घाईतल्या मुलाला तो प्रचार खरा वाटला, तर त्याची किंमत दोन गुणांहून जास्त आहे."

"रोमा आणि सिंती?" धाकटे सर म्हणाले. "अपंग माणसं? जुन्या उत्तरात त्यांचा पत्ताच नाही."

"एक ओळ वरती घाला. 'ज्यूंबरोबरच यांचाही छळ झाला आणि हत्या झाल्या.' आणि 'जिप्सी' लिहू नका, त्यांचं त्यांनी ठेवलेलं नाव लिहा."

"ओळ वाढतेय."

"सातव्या प्रश्नातली काढा. तो लठ्ठ झालाय."

शेवटी गुणदानाच्या सूचना उरल्या. परीक्षक राज्यभर शेकड्यांनी असतात. घाईनं, गठ्ठ्यानं तपासतात. सूचनेत नसलेलं त्यांना दिसत नाही. हेडसरांनी बाईंना न विचारता लिहायला घेतलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "छळाचे कारण पीडितांमध्ये नसून छळ करणाऱ्यांमध्ये होते, अशा आशयाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिले असल्यास, मुद्दे क्रमाने नसले तरी, दुसऱ्या भागाचे पूर्ण गुण द्यावेत."

बाईंनी मान हलवली. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ती असते कुठे आता?" धाकट्या सरांनी विचारलं.

"माहीत नाही. जुन्या हजेरीत पत्ता आहे, पण तो त्या दुकानाचा. तिथे आता चपलांचं दुकान आहे. मी जाऊन आले दोनदा. गरज नसताना चपला घेतल्या."

पाचला पाच कमी असताना लिफाफा बंद झाला. तिघांनी कडेवर सह्या केल्या. हेडसरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, परीक्षेच्या दिवसापर्यंत या खोलीतलं कुणाला, घरच्यांनासुद्धा, सांगायचं नाही. चार महिने तोंडावर बोट.

"मी कुणाला सांगणार?" बाई म्हणाल्या. "जिला सांगायचं, तिचा ठिकाणा असता तर आज पहिल्यांदा नियम मोडला असता."

"दुपारीच मोडलात," धाकटे सर म्हणाले. "नमुना उत्तर मधेच उघडलंत."

बाई हसल्या. गाडी आली, लिफाफा घेऊन गेली. कपाट उघडलं आणि तिघांना आपापले फोन मिळाले. बाई फाटकाबाहेर आल्या. शाळा सुटायची वेळ होती, रस्ता दप्तरांनी भरला होता. त्या कडेला उभ्या राहून येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांच्या मुली सगळ्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या वयाकडे बघतोय, आणि त्या नजर उचलून मुलींना न्यायला आलेल्या बायकांकडे बघू लागल्या.