दोन टक्के चुना

वरंध घाटाच्या रस्त्याच्या कामावर माती पक्की करायला ठकूबाई अनवाणी पायांनी मातीत चुना कालवायची. सध्या आठ टक्के चुना पडत होता आणि तिचे तळवे फाटून रक्त येत होतं. आज महाडच्या प्रयोगशाळेत त्या मातीचे नमुने दाबून, फोडून बघणार होते. कमी चुन्यात भागलं, तर पाय वाचणार होते.

प्रयोगशाळेतल्या मुरादने ठोकून घट्ट केलेले, ओल्या गोणपाटाखाली मुरवलेले चुना-मातीचे नमुने यंत्रात दाबले. चार टक्क्यांचा लवकरच चिरडला. सहाचा चांगला टिकला. आठचा सहापेक्षा जास्त भार झेलेना.

"सहा पुरे, साहेब."

"इथं पुरे," इंजिनिअर म्हणाले. "तू माती चाळून, नीट मिसळून केलंस. तिथं बायका पायांनी कालवतात, चुना सगळीकडे सारखा लागत नाही. म्हणून दोन टक्के वर धरायचे. रस्त्यावर आठच राहू दे."

हिशेब खोटा नव्हता. कालवायचं यंत्र मागवावं, निदान बायकांना बूट द्यावेत, हे मात्र त्या हिशेबात कुणी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरादने रस्त्यावर येऊन हे सांगितलं, तेव्हा ठकूबाई म्हणाली, "म्हंजे माझ्या पायांनी नीट कालवलं जात नाय, म्हणून माझ्याच पायांना जास्ती चुना. व्हय रे?"

तिने पायांना चिंध्या गुंडाळल्या आणि ती चुन्यात उतरली.