रेणुकानं लिहिलेली यादी

कमलनगरच्या बसस्टँडमागं सावित्रम्मांचं पार्लर होतं आणि रेणुका तिथं सहा वर्षं नवऱ्या सजवत आली होती.

ऐन लगीनसराईत पार्लर गुगल मॅपवरून गायब झालं. सावित्रम्मांच्या मुलानं, प्रशांतकुमारनं, तिथं नाव टाकलं होतं: 'सावित्री ब्युटी पार्लर बेस्ट ब्रायडल मेकअप मेहंदी फेशियल कमलनगर उदगीर'. कुणी काहीही शोधलं तरी आपणच वर दिसावं, एवढीच त्याची हाव. नावात अशी जाहिरात गुगलला चालत नाही; प्रोफाइल निलंबित झालं आणि फोन थंडावले.

"पाटीवर हाय तेवढंच नाव ठेवा, अण्णा," रेणुका म्हणाली. "बाकीचं सेवांच्या यादीत लिहायचं असतंय."

"लई कळतंय तर तूच कर," म्हणत त्यानं तिला प्रोफाइलवर मॅनेजर करून टाकलं.

रेणुकानं नाव पाटीसारखं केलं, पाटीचा फोटो आणि परवाना जोडून अपील केलं. आठ-दहा दिवसांनी पार्लर पुन्हा दिसू लागलं. मग तिनं एकेक सेवा वेगळी भरली आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहिल्या. 'हळदीचा मेकअप: घामानं उतरत नाही. दीड तास लागतो. कातडीला काय सोसत नाही ते आधी सांगा.' उत्पादनांत तेलाच्या बाटलीचा फोटो टाकून लिहिलं, 'जास्वंद आणि कढीपत्त्याचं तेल. रेणुका इथंच बनवते.'

फोन सुरू झाले. पण फोन करणारी प्रत्येक बाई विचारायची, "रेणुका हायत का?"

चौथ्यांदा ते ऐकल्यावर सावित्रम्मांनी फोन आपटला. "पार्लर कुणाचं हाय गं? माझं का तुझं?"

"अक्का, तेल मीच बनवते म्हणून लिहिलं."

"आता नगं बनवूस. उद्यापासून येऊबी नगंस."

त्याच दुपारी प्रशांतकुमारनं तिला प्रोफाइलवरून काढलं. 'रेणुका इथंच बनवते'च्या जागी 'आम्ही इथंच बनवतो' आलं. बाकी शब्द तिचेच राहिले.

दोन महिन्यांनी रेणुकानं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर मांडलं. 'रेणुका ब्युटी पार्लर', पाटीवर तेवढंच, मॅपवरही तेवढंच. पाटीचा, खुर्चीचा, सामानाचा व्हिडिओ पाठवून प्रोफाइल मंजूर करून घेतलं. यादी मात्र तीच लिहिली. जे खरं होतं ते दुसऱ्या शब्दांत कामून लिहायचं?

पहिली बाई लेकीला घेऊन खेड्यावरून जीपनं आली. खुर्चीत बसण्याआधी तिनं मोबाइल पुढं केला.

"सावित्रम्माचं बघून लिहिलंस व्हय? शब्दाला शब्द तेच हाय की."

"न्हाई मावशी, ते मीच तिथं असताना..."

"असू दे, असू दे." बाईनं लेकीचा हात धरला. "नक्कल करणारीकडं कामून बसायचं? तिकडंच जाऊ."

रेणुका उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच मागं फिरली. त्या ओळी आपल्याच आहेत हे दाखवायला तिच्याकडं काय होतं?

आत येऊन तिनं आपल्याच ओळी एकेक करून पुसल्या. नव्या सुचेनात. शेवटी तिनं लिहिलं, 'हळदीचा मेकअप. दीड तास.' आणि जतन केलं.