नागूकाकांच्या कॉप्या

नागूकाकांच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी सव्वादोनला आमच्या सर्व्हरनं नवी नोंद घ्यायचं बंद केलं. साल एकोणनव्वद, साजगावचा कारखाना. कॉम्प्युटर रूममध्ये ऑपरेटर मी एकटीच. शेजारच्या टर्मिनलवर टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी खात्याचे, नागूकाका दोन बोटांनी टाइप करत बसायचे. चौदाशे कामगारांची सर्व्हिस कार्डं डेटाबेसमध्ये चढवायचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. सात महिने खपल्यावर आता सहा कार्डं उरली होती, त्यातलं शेवटचं त्यांचं स्वतःचं. पाचला भोंगा, हार-नारळ, आणि उद्यापासून काका कडावला, गावच्या घरी.

“आसिया, ह्ये बग गं. जुनं कार्ड दाखवतंय, नवं घेत नाय.”

बघते तर डिस्क शंभर टक्के भरलेली. मी सगळ्या टर्मिनलवाल्यांना हात थांबवायला सांगितलं.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. आधी म्हणाले, मशीन बंद करून चालू करा. भरलेली डिस्क त्यानं रिकामी होत नाही, हे मी समजावलं. मग त्यांनी पडद्यावरच्या सगळ्यात मोठ्या फाइलवर बोट ठेवलं. “ही उडवा. नाव तर लॉग आहे.”

माझं डोकंच फिरलं. “साहेब, हे डेटाबेसचं जर्नल आहे. प्रत्येक बदल आधी इथे लिहिला जातो. शेवटचा बॅकअप शनिवारचा, आज बुधवार. डेटाबेसच्या फाइली बिघडल्या तर मधल्या दिवसांची कार्डं यावरूनच परत उभी करायची. आणि हे उडवलं तर डेटाबेस उठेलच याची हमी मी देणार नाही.”

“बरं. पाचपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर उरलेली कार्डं उद्या दुसरा कोणी टाकेल.”

ते गेले. काका ती सहा कार्डं हातात सारखी करत राहिले. मला ते बघवेना.

डेटाबेसच्या एकाही फाइलला हात लावायचा नाही, असं ठरवून मी एकेका डिरेक्टरीनं किती जागा खाल्ली ते काढलं. निम्मी डिस्क एकट्या नागूकाकांची! एकशे एकतीस फाइली. रोज संध्याकाळी चढवलेल्या सगळ्या कार्डांच्या यादीची नवी फाइल, आधीची तशीच.

“काका! हे काय?”

“कॉपी गं. तूच शिकवलंस ना मला, यादी फाइलीत कशी काडायची ते.”

“रोज? सगळ्यांची?”

काकांनी चष्मा काढला. “शहात्तर साली हजेरीच्या वह्यांना वाळवी लागली. भट्टीवरच्या सखाची तीन वर्षांची पानं गेली. माज्यासमोर उभा राहून म्हनला, नागू, मी होतो ना रं हितं? होता गं. मला ठावं होतं. पन कागद नव्हता. ती तीन वर्षं त्याच्या नोकरीत कुनी धरली नायत.”

माझा राग जिथल्या तिथे विरला. खरं तर चूक माझीच होती. डिस्कवर किती जागा उरली ते रोज सकाळी बघायचं काम माझं, आणि मी ते महिनाभर बघितलं नव्हतं.

एकशे एकतीस फाइली मी टेपवर घेतल्या. मला वाटलं, आता डिस्कवरून काढून टाकू. पण काकांनी हात धरला. “टेपवर गेलं ह्ये कशावरून?”

बरोबर होतं त्यांचं. टेप परत वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहिली. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. सखाचं नाव टेपवरून काढून दाखवायला लावलं आणि सगळ्या तारखा कार्डाशी जुळवल्या. “हाय. सखा हाय हितं.” मग कालची यादी ठेवून बाकीच्या एकशे तीस त्यांनी स्वतःच्या बोटानं काढून टाकल्या. मायेनं वाढवलेलं काही सोडून द्यावं तसे ते बसले होते.

जागा मोकळी झाली. मी आधी एक चाचणीची नोंद घालून पाहिली, वाचून पाहिली, काढून टाकली. घड्याळात सव्वाचार.

पाच कार्डं झाली. सहाव्यावर नाव नागू, रुजू होण्याचं साल सत्तावन्न. नोकरी सोडल्याच्या रकान्यात त्यांनी आजची तारीख एकेक आकडा शोधून टाकली. डेटाबेसनं ती घेतली. मी लगेच पूर्ण बॅकअप लावला.

काकांचा हात सवयीनं यादी काढायच्या बटनांकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“एक ठेवू का गं? ह्या टायमाला मी बी हाय त्यात.”

“ठेवा काका.”

त्यानंतर मी रोज सकाळी डिस्क तपासते, नको ते काढते. ती एक फाइल मात्र मी काढलेली नाही.