पान अकराचा तक्ता

बैठक चोवीस तारखेची, म्हणून सिद्धम्मानं पाणीटंचाईच्या आराखड्याचा मसुदा निमंत्रणासोबतच सगळ्या सदस्यांना मेल केला. खाली स्वच्छ लिहिलं: 'मसुदा बैठकीत वाचून दाखवला जाणार नाही. कृपया आधी वाचून यावा. पान अकरावरचा तक्ता विशेष पाहावा. अभिप्राय पान क्रमांकासह वीस तारखेपर्यंत कळवावेत. अभिप्राय न आल्यास संमती गृहीत धरली जाईल.'

संस्थेचं ऑफिस लातुरात, गावं जळकोटकडची, आणि दुष्काळ सगळीकडं. सिद्धम्मा संस्थेची समन्वयक. मसुदा तिनंच टाइप केला होता, पण पान अकराचा तक्ता समितीनं दिवाळीत मंजूर केलेल्या पाहणीवरून जसाच्या तसा उचललेला. त्यात बोरवाडीपुढं 'बोअर चालू, टँकर नको' असं होतं. बोअर संक्रांतीलाच आटला होता. तिनं स्वतः का बदललं नाही? बोरवाडी तिचं माहेर. गेल्या साली तिथं एक टाकी बसवली तर "मॅडमचं गाव" म्हणून सहा महिने कुजबुज चालली होती. तेव्हापासून नियम झाला की, मंजूर तक्ता बदलायचा तर सदस्याचा लेखी अभिप्राय हवा. एकानं, फक्त एकानं, ते पान उघडून "हे बरोबर आहे का?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

पहिलं उत्तर अध्यक्ष भगवानरावांचं आलं. 'अतिशय उत्तम.' मेल जाऊन अजून चहा गार झाला नव्हता. मग रीतीप्रमाणं बाकीच्यांची रांग लागली: 'अतिशय उत्तम', 'अध्यक्षांशी सहमत', 'उत्तम'. अध्यक्षांनी उत्तम म्हटल्यावर खालच्यानं चूक काढायची म्हणजे अध्यक्षांनी वाचलं नाही असं म्हणण्यासारखंच. तेवढा उद्धटपणा आमच्याकडं कुणी करत नाही.

अठरा तारखेला तिनं आठवणीचा मेल टाकला. त्याच दिवशी काकूचा, गंगम्माचा, फोन आला.

"सिद्धू, टँकरचं काय करून राहिलीस? शेजारच्या गावाला येतंय, आमच्याकडं न्हाई. शेतातल्या हिरीवर जाऊन जाऊन माझे गुडघे गेले बघ."

"काकू, वीस तारखेपर्यंत थांब."

"वीसला पाणी येतंय व्हय?"

"अभिप्राय येत्यात."

"ते प्यायला येतंय का?" असं विचारून काकूनं फोन ठेवला.

सिद्धम्माला लई राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

वीसला संध्याकाळी मात्र दोन खरे अभिप्राय आले. नांदेडचे लक्ष्मणराव, निवृत्त अभियंते, त्यांनी लिहिलं, 'पान दोनवर माझं नाव नरसिंग यांच्या खाली आहे. ज्येष्ठता पाहावी.' नरसिंग ठेकेदार, नवा जिल्हा होणार, नवी पदं निघणार अशी हवा सुटल्यापासून रोज इस्त्रीचे कपडे घालणारे. त्यांनी लिहिलं, 'आराखड्यात टँकर शुभारंभाचा कार्यक्रम कुठंच नाही. मान्यवरांच्या हस्ते ठेवावा.'

सिद्धम्मानं दुसरा अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचला. मग अभिप्रायांचा तक्ता उघडला. पहिल्यापुढं लिहिलं, 'स्वीकारले, क्रम बदलला.' दुसऱ्यापुढं लिहिलं, 'स्वीकारणे प्रस्तावित. बाकी सर्व गावांत टँकर आधीच चालू असल्याने शुभारंभ फक्त बोरवाडीत शक्य. त्यासाठी पान अकरावर बोरवाडीचा समावेश करावा. टँकर जूनअखेरपर्यंत रोज.' आणि तो तक्ता सगळ्यांना, नियमाप्रमाणं, बैठकीआधी पाठवून दिला.

बैठकीत हार कुणी आणायचा यावर बराच खल झाला. नारळ भगवानराव फोडणार, नळ लक्ष्मणराव सोडणार, फोटोत नरसिंग मधे उभे राहणार. मग भगवानरावांनी कागदावर बोट ठेवलं.

"बोरवाडीच का म्हणून?"

"साहेब, चालू टँकरचा शुभारंभ कसा करायचा?" सिद्धम्मा म्हणाली. "लोकं हसत्याल. टँकर नसलेलं गाव ते एकच हाय. आन् तिथला बोअर संक्रांतीपासून कोरडा हाय, हेही लिहून घ्या. माझं माहेर हाय, म्हणून आधीच सांगते."

नरसिंग लगेच म्हणाले, "माहेर असलं म्हणून काय झालं? कार्यक्रमाला माणसं तर जमतील."

"हाव, ते बराबर," लक्ष्मणराव म्हणाले. एकमतानं मंजूर झालं. बोअरबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

गावाला पाणी मिळणार होतं. काकूचे गुडघे वाचणार होते. तरी सिद्धम्माला आनंदाबरोबर आतून चीड येत होती. तहानेसाठी एका ओळीचा अभिप्राय मिळाला नव्हता, हारासाठी अख्खा टँकर मिळाला होता.

उठताना भगवानरावांनी तिचं कौतुक केलं.

"मॅडम, हे आधी मसुदा पाठवायचं लई चांगलं केलंत. असंच पाठवत जा. सगळं नीट वाचून येता येतं."