शेवटच्या ओळीचा फॉन्ट

अप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वी, अखेरच्या दिवसांत टाइप केलेलं व्याकरणाचं पुस्तक त्यांची थोरली लेक, ताई, छापायला छापखान्यात घेऊन आली. फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

“आत इंग्रजी खुणाच आहेत हो, मराठी दिसायची ती जुन्या फॉन्टची करामत,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांनी कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर याचा तक्ता लावून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांवर सगळीकडे दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलला. पानं वाचता येऊ लागली. शेवटची ओळ मात्र निघाली: ‘ढघणीफ झळठौट ङणफ.’

ताईनं ती ओळ पुन्हा वाचली. ‘अप्पांना शेवटी भ्रमच झाला होता, कशाला छापतेस?’ असं तिचा भाऊ म्हणायचा. ते खरं मानायचं की काय?

बाईंनी मूळ फाइलमध्ये त्या ओळीवर क्लिक केलं. “अहो, हिचा फॉन्टच वेगळा! एकच खूण, पण दर फॉन्टात तिचं अक्षर निराळं. मीच सगळ्याला एकाच फॉन्टचा तक्ता लावला.”

त्या फॉन्टचा तक्ता लावताच ओळ उमटली: ‘ताईला विचारून छापा.’

“मला? काय विचारायचं होतं?”

“ते माझ्या तक्त्यात नाही बाई.”

ताईला काहीच उलगडेना. पण अप्पा भानावर होते, एवढं कळलं. डोळे पुसत ती म्हणाली, “छापा.”