पालथ्यावरचा गुडघा

माझ्या तेल-मालिशच्या हाताखालून हिंजवडीतली निम्मी बाळं गेली. लचकलेले पाय, उतरलेले खांदे, धरलेल्या कमरा, सगळ्यांनी माझ्याच दारात पाय ठेवला. आमच्या शेजारच्या वावरात काचेच्या इमारती उभ्या राहिल्यावर तिथल्या बाळंतिणीही गाडी पाठवून मला नेत होत्या. म्हणून योगेशच्या मांडीवर हात ठेवायला मला कोणाची परवानगी लागेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

योगेश माझा धाकटा. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. वैशाखात मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. कर्वेनगरच्या दवाखान्यात हाडात सळई घातली. हाड जुळलं, पण गुडघा आखडला. बसचा ठेकेदार श्यामराव घरी येऊन सांगून गेला, "दसऱ्यापर्यंत तुझी गाडी दुसऱ्याला देत नाही. पण त्या दिवशी डॉक्टरसमोर पायऱ्या चढून-उतरून दाखवायच्या. पाय अडकला तर पोरं-पोरी भरलेली गाडी तुझ्या हाती कशी देऊ?"

श्रावणापासून मी त्याला आठवड्यातून दोनदा त्याच दवाखान्यात व्यायामाला नेत होते. तिथं व्यायाम करून घेणारी मुलगी तनया, पंचवीस-सव्वीस वर्षांची, केस आखूड, हात मात्र थंड आणि नेमके. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, मांडीला पुढून तेल-मालिश करायचं नाही. अजिबात."

मी म्हटलं, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून करतीये मी."

"म्हणूनच आधी सांगितलं," ती म्हणाली.

भाद्रपदात योगेश खाटेच्या कडेला बसला की गुडघा काटकोनाच्याही पुढे वाकायला लागला. मी मनातून फुगले. त्या पोरीच्या चार व्यायामांनी थोडंच झालं असेल हे? घरी दार लावून मी रोज हलका हात फिरवत होते. मी तिला म्हटलं, "बघ. वाकला का नाही? आता श्यामरावासाठी लिहून दे कागद, पाय बरा झाला म्हणून."

तिनं योगेशला पालथं झोपवलं आणि टाच कुल्ल्याकडे आणायला लागली. अर्ध्यावर आली नाही तोच त्याची कंबर खाटेवरून वर उचलली गेली.

"नाटकं करतोय," मी म्हटलं. "योग्या, कंबर खाली टाक!"

"आये, आपोआप जातीय."

"तो खरं बोलतोय," तनया म्हणाली. "मांडीच्या पुढचा हा स्नायू वर कमरेच्या हाडाला बांधलेला आहे, आणि खाली गुडघ्याच्या वाटीवरून नडगीला. दोन सांध्यांवरून जातो. बसलं की मांडी वर येते, त्याचं वरचं टोक सैल पडतं, म्हणून खाली गुडघा वाकू शकतो. पालथं झोपलं की मांडी सरळ, वरूनच तो ताणलेला. आता गुडघा वाकवायला त्याच्याकडे लांबी उरत नाही. मग तो कमरेला ओढून घेतो."

"बसून वाकतो ना? ड्रायव्हर बसूनच गाडी चालवतो."

"चालवेल. पण चालताना, पायरी चढताना मागे राहिलेला पाय उचलायचा तर मांडी मागे असताना गुडघा वाकायला लागतो. याचा तिथंच अडतो. अंगठा पायरीला लागतो, बघितलंत ना?"

बघितलं होतं. पण कबूल कोण करणार?

माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा खुर्चीत. पाठ ताठ. आता पाय गुडघ्यात पूर्ण सरळ करा समोर." मी केला. गुडघा सरळ होता होता माझी पाठ आपोआप मागे गेली. "बघा. हा मांडीमागचा स्नायू. तो बसायच्या हाडापासून गुडघ्याखाली जातो. तुम्ही नाटक करताय का?"

योगेश हसला. भर दवाखान्यात माझ्या पोटचा पोरगा माझ्यावर हसला.

"अजून दोन महिने," ती म्हणाली. "मी कमरेवर हात ठेवून हळूहळू ताण देते. घाई नाही. मी श्यामरावांना पत्र देते."

दोन महिने! दसऱ्याला पंधरा दिवस होते. श्यामरावाला पत्र कसलं? त्याच्या दारात ड्रायव्हर रांगेत उभे होते. परतताना मी मनात सगळं जुळवलं. दोर दोन टोकांना बांधलाय आणि वरचं टोक निसटतंय, एवढंच ना? मग वरचं टोक दाबून धरायचं. ती पोरगी हाताच्या तळव्यानं दाबते. तिच्यात वजन कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेशला सतरंजीवर पालथं झोपवलं. त्याच्या कमरेवर मी स्वतः बसले, तोंड त्याच्या पायाकडे. नडगी दोन्ही हातांनी धरली.

"आये, दमानं."

"गप पड. बायका बाळंत होतात, त्यांना एवढं दुखत नाही."

अर्ध्यावर पाय नेहमीसारखा अडला. खाली त्याची कंबर उठायला धडपडत होती, मी उठू दिली नाही. मी श्वास घेतला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं.

आवाज मोठा नव्हता. ओलं फडकं फाटावं तसा. टाच एकदम हातभर जवळ आली आणि मला, देवाशप्पथ, आनंद झाला. मग योगेश ओरडला. तसा तो हाड मोडलं तेव्हाही ओरडला नव्हता.

संध्याकाळपर्यंत मांडी भोपळ्यासारखी सुजली. तो म्हणत होता दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, "रक्त साखळलंय, मोकळं करते." आणि गरम तेल घेऊन सलग दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, तीच मांडी मी अंगठ्यांनी रगडली. तो उशीत तोंड खुपसून पडायचा. तनयाचा दोनदा फोन आला. मी सांगितलं, पोराला ताप आहे.

दसरा गेला. श्यामरावानं गाडीला हार घालून किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. मांडी आता सुजलेली नव्हती, पण पुढून पाट्यासारखी लागत होती. तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो.

तनयानं त्याला खाटेच्या कडेला बसवलं. गुडघा थोडासा वाकला आणि थांबला. पालथं झोपवलं. तिथंच थांबला, बोटभरही फरक नाही. या वेळी कंबरही उचलली नाही. तिनं पुन्हा बसवलं, पुन्हा पालथं केलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"आधी बसल्यावर सैल पडायचा तरी," ती हळू म्हणाली. "आता कुठल्याच बाजूनं नाही."

मांडीचा एक्स-रे फोटो काढून आणला. मांडीच्या हाडापुढे, जिथं नुसतं मांस असायला हवं, तिथं पांढरा ढग होता.

"स्नायू फाटून रक्त साठलं, आणि त्यात हाड तयार होतंय," तनया म्हणाली. "ते हाड पक्कं व्हायला वर्ष लागेल. त्याआधी काढलं तर पुन्हा येतं. नंतर काढलं तरी किती वाकेल, सांगता येणार नाही. योगेश, काय झालं होतं?"

"न्हाणीत घसरलो," तो म्हणाला.

ती लिहायला लागली. तो भिंतीकडे बघत होता. ही थाप त्यानं वाटेत ठरवली होती, मला न विचारता. मी फक्त गप्प बसायचं होतं. उभ्या गावात माझं नाव तसंच राहिलं असतं.

"खोडून टाक," मी म्हटलं. "मी ओढला. कमरेवर बसून. आणि नंतर दहा दिवस रगडला."

तिची लेखणी थांबली. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

"फाटलेलं कदाचित भरून आलं असतं, मावशी," ती म्हणाली. "रगडायला नको होतं." आणि तिनं लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली.

रिक्षात योगेशला आडवं बसावं लागलं, पाय सीटवर लांब करून. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. खड्ड्यात पाय सीटवरून घसरला, तो कळवळला. मी सवयीनं मांडीखाली हात घालायला वाकले.

"हात नको लावूस," तो म्हणाला.

पाय त्यानं स्वतःच, दोन्ही हातांनी लाकडासारखा उचलून पुन्हा सीटवर ठेवला.