रेंज लिहिल्याशिवाय पोस्ट नाही

पारदर्शकता हा गाडीवाट टेक्नॉलॉजीज या कंपनीचा प्राण आहे. बंगळुरातल्या कोरमंगलाच्या ऑफिसात लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच्या भिंतीवर हे हातभर अक्षरांत लिहिलेलं दिसतं. त्या भिंतीमागच्या खोलीत एचआरची संयोगिता बसते, आणि कुणी पगाराचा विषय काढला की ती आधी उठून दार लावते.

रघुनंदन या कंपनीत बॅकएंडचा मॅनेजर. होसकोट्याच्या गोदामांतून निघालेल्या ट्रकांनी कुठला माल आधी कुठे टाकायचा, हे सांगणारं सॉफ्टवेअर ही कंपनी चालवते. ते अडकलं की ट्रक उभे राहतात, आणि ट्रक उभे राहिले की ऑन-कॉलचा फोन वाजतो. तो फोन एक आठवडा रघुनंदनकडे, एक आठवडा निवेदिताकडे. टीममध्ये आणखी दोघं होते. पण एक फक्त मोबाइल अ‍ॅप बघायचा आणि दुसरा नोटिस पिरियडवर असल्यामुळे काहीच बघायचा नाही.

"अण्णा, तिसरा माणूस आणा," निवेदिता म्हणाली होती. "नाही आणलात तर मी निघते. रागावून नाही सांगत, कळवून ठेवते."

तिनं आरडाओरडा केला असता तर रघुनंदनला बरं वाटलं असतं. ट्रकांचे मार्ग ठरवणारी गो भाषेतली सगळी सेवा तिनं एकटीनं बांधली होती. कोड काय करतो हे बाकीच्यांना वाचून कळायचं. तसं का करतो, ते फक्त तिला विचारून. ती गेली तर विचारायला कुणी उरणार नव्हतं.

जागेला मंजुरी मिळाली. नोकरीच्या साइटवर जाहिरात टाकली तर अर्जांचा ढीग आला, आणि त्यातल्या बहुतेकांचा गो भाषेशी संबंध रेझ्युमेपुरताच होता. शेवटी निवेदितानंच सुचवलं, "आमच्या बॅकएंडवाल्यांच्या ग्रुपवर टाका की. खरी माणसं तिथे असतात. नियम स्वल्प कडक आहेत, तेवढं बघा."

नियम असे होते: कुठलं तंत्रज्ञान, टीम किती जणांची, रिमोट म्हणजे नक्की कुठून, वर्षाचा पगार कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, मुलाखतीच्या फेऱ्या कोणत्या. यातलं एक जरी राहिलं तरी पोस्ट उडते. उडवणारी होती कस्तुरी. महादेवपुऱ्यात नोकरी करून हे काम ती फुकट करायची, त्यामुळे तिच्यावर कुणाचंच वजन चालत नसे.

संयोगितानं लिहून दिलेल्या पहिल्या पोस्टमध्ये पगारापुढे 'इंडस्ट्रीत सर्वोत्तम' असं होतं आणि टीमपुढे 'रॉकस्टार्स'. ती चहा संपायच्या आत उडाली. दुसऱ्या वेळी पगार लिहिला, बारा ते साठ लाख. कस्तुरीचं उत्तर आलं: "ही रेंज नाही, हा आउटर रिंग रोड आहे. अरुंद करा."

तिसऱ्या वेळी कंपनीचा मालक राजस मध्ये पडला. तो मूळचा पुण्याचा, आणि माणसं डोळ्यांसमोर असली की काम होतं असं त्याचं मत. त्यानं रिमोटच्या पुढे 'आठवड्यातून दोनदा ऑफिस' असं घातलं.

"याला हायब्रिड म्हणतात," कस्तुरीनं कळवलं.

"अरे, रिमोटच आहे," राजस म्हणाला. "फक्त यायचंय."

मुलाखतीच्या सहा फेऱ्या होत्या. शेवटची 'फाउंडरशी गप्पा'. तिची मुदत लिहा, असं कस्तुरी म्हणाली. राजसच्या गप्पांची मुदत राजसलाही माहीत नव्हती. रघुनंदननं ती फेरी काढली, ऑफिसचे दोन दिवस काढले, टीममध्ये चार जण लिहिले आणि त्यातला एक निघालाय हेही लिहिलं. राहिला पगार. त्यासाठी तो संयोगिताकडे गेला. तिनं उठून दार लावलं.

"रघू सर, एवढं पब्लिकली? सीरियसली, असं कुणी करत नाही. आपलीच माणसं वाचतील ना."

"वाचू देत. गेल्या वेळी चोवीस म्हटलं तर पोरगा फोनवर हसला होता. तीस ते चाळीस टाका."

"व्हेरिएबल बोनस धरून ना?"

"ती बाई फिक्स्ड विचारते. आणि शेअर्स त्यात मोजू नका म्हणते."

"कोण आहे कोण ही?"

"कुणीच नाही. म्हणून तर ऐकावं लागतंय."

तीस ते चाळीस लाख, फिक्स्ड. गो, पोस्टग्रेस, काफ्का. टीम चार जणांची. भारतातून कुठूनही. एक ओळखीचा कॉल, घरी करायचा छोटा प्रश्न, त्यावर चर्चा, सिस्टिम डिझाइन, मग निर्णय. कस्तुरीनं हिरवी खूण केली. इंजिनिअरिंगच्या निकालानंतर रघुनंदनला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता. एवढ्या खटपटीत एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही: निवेदिताचा पगार बावीस होता, आणि ग्रुप तिनंच दाखवला होता.

तिनं अर्ज केला.

भरतीचं सॉफ्टवेअर कुणाकडे बघून काम करत नाही. त्यानं अर्ज वाचला, उमेदवार अत्यंत योग्य ठरवला आणि चर्चेच्या फेरीसाठी कंपनीत गो येणारा परीक्षक शोधला. असा परीक्षक एकच होता. सोमवारी सकाळी निवेदिताच्या कॅलेंडरवर निवेदिताची मुलाखत लागली.

"अण्णा, घरचा प्रश्नही मीच काढलेला आहे," ती लॅपटॉप त्याच्या टेबलावर ठेवत म्हणाली. "सोडवू की तपासू?"

"निवेदिता, थट्टा पुरे."

"थट्टा कोण करतंय? तीन वर्षं फोन मी उचलते. जो अजून आलाच नाही, त्याला माझ्यापेक्षा आठ लाख जास्त. थट्टा त्याला म्हणतात."

"एप्रिलमध्ये बघू म्हटलं होतं ना मी?"

"एप्रिल दर वर्षी येतो हो."

रघुनंदन पुन्हा भिंतीमागच्या खोलीत गेला. दार या वेळी त्यानं स्वतःच लावलं. "तिला तीसवर घ्या. आजच."

"सर, आतल्या माणसाची वाढ मॅक्सिमम पंधरा टक्के. पॉलिसी आहे."

"मग तिला बाहेरची समजा. अर्ज आलाच आहे."

"ती कंपनीत आहे तोवर बाहेरची कशी? राजीनामा दिला तर रीहायर म्हणून कन्सिडर करता येईल." संयोगितानं स्क्रीन खाली सरकवली. "सहा महिन्यांनी."

"आणि सहा महिने ट्रक कोण हाकणार?"

"तो इंजिनिअरिंगचा प्रश्न झाला ना, सर."

तो राजसकडे गेला. राजसनं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण पोस्टला रिस्पॉन्स चांगला आलाय ना?"

रिस्पॉन्स चांगलाच आला होता. त्यातला एक माणूस तर उत्तमच होता. घरचा प्रश्न त्यानं निवेदिताच्या अपेक्षेपेक्षा सुबक सोडवला. चर्चा तिनंच घेतली, शेरा प्रामाणिकपणे लिहिला: जरूर घ्यावा. शेवटी त्या माणसानं विचारलं की ऑन-कॉलला किती जण आहेत. निवेदिता खोटं बोलत नाही. त्यानं आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला.

पंधरवड्यानं निवेदितानंही कळवून ठेवलं होतं तसं केलं. त्याच ग्रुपवर आणखी एका कंपनीची पोस्ट आली होती, पगारासकट.

"सरी अण्णा, बरं तर, येते," ती म्हणाली. "कोडाचं जेवढं आठवलं तेवढं लिहून ठेवलंय."

रघुनंदननं फोन चार्जिंगला लावला आणि पोस्ट नव्यानं लिहायला घेतली. आता जागा दोन होत्या. मंजुरी एकीचीच होती.